शंभर किलो वाळू आणि क्लॉसियसची असमानता

ऊष्मागतिकीच्या पाठ्यपुस्तकात एन्ट्रॉपीची ओळख करून देताना सांगतात, की वस्तूला मिळालेल्या उष्णतेला तापमानाने भागलं की एन्ट्रॉपीतला बदल मिळतो. दोन-चार पानं उलटली की तेच पुस्तक म्हणतं, प्रक्रिया उलटवता येण्याजोगी नसेल, तर एन्ट्रॉपीतला बदल या भागाकारापेक्षा जास्त असतो. चिन्हांत लिहायचं तर ΔS > Q/T. विद्यार्थी इथे अडखळतो, आणि त्याचं अडखळणं अगदी रास्त आहे. ज्या राशीची व्याख्याच Q/T अशी केली, ती Q/T हून मोठी कशी होईल? वरचा जास्तीचा भाग आला कुठून?

यावर बहुतेकदा ‘अव्यवस्था वाढते’ असं उत्तर मिळतं. मला ते उत्तर कधीच पुरेसं वाटलेलं नाही. अव्यवस्था वाढते म्हणावं, तर ती नेमकी किती आणि कशामुळे वाढली, हे त्यातून कळत नाही. शिवाय जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५४ साली ही असमानता मांडली, तेव्हा त्यांच्या युक्तिवादात अव्यवस्थेचा संबंधच नव्हता. होती ती फक्त उष्णता, कार्य आणि तापमान. त्या तिघांवरच भिस्त ठेवली, तर असमानता स्वच्छ समजते.

त्यासाठी एक उपकरण डोळ्यांपुढे आणू. उभं नळकांडं, त्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याखाली एक मोल वायू. दट्ट्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर आहे, आणि त्याचं स्वतःचं वजन नगण्य. नळकांडं पाण्याच्या मोठ्या टाकीत उभं आहे आणि टाकीचं तापमान ३०० केल्विन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे. टाकी इतकी मोठी, की थोडी उष्णता दिल्याने किंवा घेतल्याने तिच्या तापमानात फरक पडत नाही. दट्ट्यावर बाहेरून हवेचा एक बार दाब आहे. आणखी एक बार दाब यावा म्हणून त्यावर वाळू ठेवली आहे. या क्षेत्रफळाला ती सुमारे शंभर किलो लागते. अशा दोन बार दाबाखाली वायूने साडेबारा लिटर जागा व्यापली आहे, आणि दट्ट्या तळापासून सव्वा मीटरवर स्थिर आहे.

आता वायूला दुप्पट जागा व्यापू द्यायची आहे. वाळू काढली की दाब एक बारवर येईल, दट्ट्या अडीच मीटरवर जाईल आणि वायूचं आकारमान पंचवीस लिटर होईल. सुरुवातीला आणि शेवटी तापमान तेच, ३०० केल्विन. फक्त वाळू कशी काढायची, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिली पद्धत कमालीच्या सबुरीची. वाळूचा एक कण उचलायचा आणि दट्ट्या त्या क्षणी ज्या उंचीवर असेल, त्याच उंचीच्या शेजारच्या फळीवर सरकवून ठेवायचा. वजन किंचित घटल्यामुळे दट्ट्या किंचित वर जातो. वायू किंचित थंड होऊ पाहतो, पण टाकीतून लगेच तेवढी उष्णता आत येते. मग दुसरा कण, त्यासाठी किंचित वरची फळी. असं करत सगळी वाळू संपेपर्यंत आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. गणित केलं तर वायूने केलेलं कार्य १७२९ ज्यूल येतं. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते आणि तापमान तर बदललेलं नाही. तेव्हा जेवढं कार्य बाहेर गेलं, तेवढीच उष्णता टाकीतून आत आली, १७२९ ज्यूल. तिला ३०० ने भागलं की मिळतात ५.७६ ज्यूल प्रति केल्विन.

ही प्रक्रिया उलटवता येते. वरच्या फळीपासून एकेक कण पुन्हा दट्ट्यावर सरकवत आलं, तर दट्ट्या आल्या वाटेने खाली उतरतो आणि १७२९ ज्यूल टाकीला परत मिळतात. कुठेही खूण उरत नाही. एन्ट्रॉपीतला बदल मोजायचा तो नेमक्या अशा वाटेवर, हा व्याख्येतला महत्त्वाचा भाग आहे आणि घाईत तोच निसटतो. म्हणजे व्याख्या नुसती ‘उष्णता भागिले तापमान’ अशी नाही. ‘उलटवता येण्याजोग्या वाटेने गेल्यास जी उष्णता मिळाली असती, ती भागिले तापमान’ अशी ती आहे. एकदा या वाटेने मोजणी झाली, की दोन अवस्थांमधला एन्ट्रॉपीचा फरक कायमचा ठरला. सिंहगडाचा माथा पायथ्यापासून किती उंच आहे, हे तुम्ही पायवाटेने चढलात की गाडीरस्त्याने, यावर अवलंबून नसतं. तसंच इथे. साडेबारा लिटरच्या आणि पंचवीस लिटरच्या अवस्थेत ५.७६ चा फरक आहे, मग वायू तिथवर कसाही पोचो.

दुसरी पद्धत घाईची. शंभर किलो वाळू एका झटक्यात बाजूला, सव्वा मीटरवरच्या फळीवर ढकलून द्यायची. आत दोन बार, बाहेर एकच बार. दट्ट्या उसळून वर जातो, पंचवीस लिटरच्या खुणेपलीकडे जातो, परत येतो, काही वेळ हेलकावे खातो. आत वायूचे लोट उठतात, भोवरे फिरतात, घर्षणाने ते शमतात आणि अखेर दट्ट्या अडीच मीटरवर स्थिरावतो. अखेरची अवस्था हुबेहूब पहिल्यासारखीच आहे. पण या वेळी वायूने बाहेर काय काम केलं? फक्त एक बार हवेला साडेबारा लिटर मागे रेटलं. ते कार्य होतं १२४७ ज्यूल. तेव्हा टाकीतून आत आलेली उष्णताही १२४७ ज्यूलच, आणि ३०० ने भागून ४.१६ ज्यूल प्रति केल्विन.

एन्ट्रॉपी मात्र ५.७६ नेच वाढली आहे. हाच तो ‘जास्तीचा भाग’. पण नीट पाहिलं तर जास्त काहीच झालेलं नाही. असमानतेची डावी बाजू, म्हणजे ΔS, दोन्ही वेळा तीच आहे. घटली आहे ती उजवी बाजू. घाईच्या वाटेने वायूने कमी कार्य केलं, म्हणून त्याला कमी उष्णता लागली, म्हणून Q/T लहान झालं. ‘एन्ट्रॉपी Q/T पेक्षा जास्त का असते’ असं विचारण्याऐवजी ‘Q/T एन्ट्रॉपीपेक्षा कमी का पडतं’ असं विचारावं, म्हणजे निम्मं कोडं सुटतं.

उरलेलं निम्मं त्या वाळूत आहे. दोन पद्धतींच्या कार्यात ४८२ ज्यूलचा फरक आहे. पहिल्या पद्धतीत वाळू सव्वा मीटरपासून अडीच मीटरपर्यंतच्या फळ्यांवर चढत गेली होती, आणि तिला वर नेण्यासाठी लागलेलं कार्य नेमकं ४८२ ज्यूल आहे. दुसऱ्या पद्धतीत सगळी वाळू खालच्याच फळीवर पडून राहिली. वायूत ती उचलण्याची क्षमता होती, पण ती भोवऱ्यांत आणि हेलकाव्यांत खर्ची पडली आणि वायूच्या आतच उष्णता होऊन मुरली. जेवढी ऊब वायूने स्वतःच्या खळबळीतून मिळवली, तेवढी टाकीकडून घ्यावी लागली नाही. आता ४८२ ला ३०० ने भागून पाहा. १.६१ ज्यूल प्रति केल्विन, म्हणजे ५.७६ आणि ४.१६ यांच्यातली तफावत, शेवटच्या अंकातल्या किरकोळ फरकासह. असमानतेतली तूट ही हुकलेल्या कार्याची मोजणी आहे. मला तरी या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो: एका बाजूला डोळ्यांना न दिसणारी राशी, दुसऱ्या बाजूला न उचललेली वाळू, आणि दोन्ही हिशेब जुळतात.

घाईची परिसीमा म्हणजे तिसरी पद्धत. दट्ट्याच नको, वायूशेजारी साडेबारा लिटरची निर्वात पोकळी ठेवायची आणि मधला पडदा काढायचा. वायू पोकळीत शिरतो. रेटायला समोर काहीच नाही, म्हणून कार्य शून्य आणि उष्णताही शून्य. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनी १८४५ साली तांब्याची दोन भांडी पाण्यात बुडवून, एकात २२ वातावरण दाबाची हवा भरून आणि दुसरं रिकामं करून, मधली तोटी उघडली होती. पाण्याच्या तापमानात त्यांना फरक आढळला नाही. आपल्या मोलभर वायूसाठी Q/T शून्य आहे, तर ΔS पुन्हा ५.७६. या वेळी संपूर्ण १७२९ ज्यूल कार्य हातचं गेलं.

तिन्ही पद्धतींत उष्णता १७२९ किंवा त्याहून कमी आली. जास्त येऊ शकेल का? समजा, कुणी दावा केला की त्याने अशी युक्ती शोधली आहे, ज्यात हाच वायू त्याच दोन अवस्थांमध्ये जाताना टाकीकडून १८०० ज्यूल घेतो आणि तेवढं कार्य करतो. मग आपण त्या युक्तीने वायू पसरवू आणि कणाकणाच्या सबुरीच्या पद्धतीने तो परत दाबू. परत दाबताना टाकीला १७२९ ज्यूल मिळतील. वायू मूळ पदावर आला, टाकीतून ७१ ज्यूल उष्णता निघून गेली आणि तिचं पूर्णपणे कार्य झालं. दुसरं काहीच बदललं नाही. हे यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं, तर समुद्राचं पाणी किंचित थंड करत जहाज चालवता येईल, कोळसा नको की तेल नको. ऊर्जेच्या अक्षय्यतेला यात कुठेही बाधा येत नाही. पण एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन ती सगळीच्या सगळी कार्यात बदलणारं चक्र निसर्गात नाही. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी तो १८५१ मध्ये जवळपास याच रूपात मांडला. तेव्हा १७२९ ही कमाल मर्यादा आहे. एन्ट्रॉपीची व्याख्या त्या मर्यादेवर बेतलेली आहे, आणि न उलटणारी प्रत्येक वाट तिच्या खालीच राहते.

परतीची वाटही घाईची केली तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे, कारण इथे एक गैरसमज नेहमी डोकं वर काढतो. दट्ट्या अडीच मीटरवर असताना शंभर किलो वाळू एकदम त्यावर टाकली. दट्ट्या धाडकन खाली येतो आणि हेलकावून सव्वा मीटरवर थांबतो. या वेळी बाहेरून सतत दोन बार दाब होता, म्हणून वायूवर झालेलं कार्य २४९४ ज्यूल, आणि तेवढी उष्णता टाकीत गेली. वायूची एन्ट्रॉपी ५.७६ ने कमी झाली. ‘एन्ट्रॉपी कधीच कमी होत नाही’ असं पाठ केलेल्याला हे चुकीचं वाटेल, पण तो नियम आजूबाजूपासून अलग असलेल्या समूहासाठी आहे. एकट्या वायूची एन्ट्रॉपी खुशाल कमी होऊ शकते. क्लॉसियसची असमानता एवढंच म्हणते, की तिचा बदल Q/T पेक्षा मोठा असेल. इथे Q/T उणे ८.३१ आहे, आणि उणे ५.७६ हा त्याहून मोठाच.

आता जाणं आणि येणं दोन्ही घाईचं धरून चक्र पूर्ण करू. टाकीने १२४७ ज्यूल दिले आणि तिला २४९४ मिळाले. निव्वळ १२४७ ज्यूल तिच्यात जमा झाले. ते आले कुठून? सव्वा मीटरच्या फळीवर राहिलेली वाळू परतीच्या वेळी अडीच मीटरवर टाकायची होती. ती कुणीतरी आपल्या श्रमाने वर नेली. शंभर किलो, सव्वा मीटर: सुमारे १२५० ज्यूल. हमालाची मेहनत टाकीच्या पाण्यात ऊब होऊन गेली आणि पुन्हा तिचं तेवढंच कार्य करून घेण्याचा मार्ग उरला नाही. वायूच्या बाजूने पाहिलं, तर एका चक्रातली Q/T ची बेरीज उणे ४.१६ आली. क्लॉसियस यांनी १८५४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असाच होता: पूर्ण चक्रात Q/T ची बेरीज उलटवता येण्याजोग्या प्रक्रियेत शून्य असते आणि एरवी तिचं चिन्ह ठरलेलं असतं. त्यांनी बाहेर टाकलेली उष्णता धन धरली होती, म्हणून त्यांच्या लेखनात हे चिन्ह आजच्या उलट दिसतं. त्या उरलेल्या बेरजेला ते ‘भरपाई न झालेलं रूपांतर’ म्हणत. एन्ट्रॉपी हे नाव त्यांनी अकरा वर्षांनी, १८६५ मध्ये दिलं. असमानता आधी आली, राशीचं नामकरण नंतर झालं.

आतापर्यंत तापमान एकच होतं. प्रत्यक्षात उष्णता वेगवेगळ्या तापमानांना आत-बाहेर होते, आणि मग ‘भागिले T’ मधला T कुणाचा, हा प्रश्न येतो. परीक्षेत सर्वाधिक चुका इथेच होतात. उत्तर असं, की उष्णता ज्या ठिकाणी हद्द ओलांडून आत येते, त्या ठिकाणचं तापमान घ्यायचं. वस्तूबाहेरचा साठाच थेट हद्दीला भिडला असेल, तर त्या साठ्याचं.

एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायचं आहे. त्यासाठी सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. तापमान केल्विनमध्ये घेऊन पाण्याची एन्ट्रॉपी मोजली, तर ती १०१० ज्यूल प्रति केल्विनने वाढते. उष्णता देणारा साठा पूर्ण वेळ १०० अंशांवर असेल, तर त्याच्या ३७३ केल्विनने भागून ८९७ येतात. तूट ११३. आता पाणी आधी ६० अंशांच्या साठ्याजवळ नेऊन ६० पर्यंत तापवू आणि मग १०० अंशांच्या साठ्याला लावू. उष्णता एकूण तेवढीच, पण अर्धी उष्णता ३३३ केल्विनने भागली जाते. बेरीज ९५१ होते आणि तूट ५९ वर येते, जवळजवळ निम्म्यावर. पायऱ्या वाढवत जा, तूट आटत जाते. वाळूचे कण एकेक करून सरकवण्यासारखाच हा प्रकार आहे, फक्त तिथे दाबाची उडी टाळली होती आणि इथे तापमानाची.

भागाकारात पाण्याचं स्वतःचं, क्षणाक्षणाला बदलणारं तापमान घातलं, तर तूट अजिबात दिसत नाही, दोन्ही बाजू समान येतात. त्यात गफलत अशी, की हद्द आपण नकळत आत ओढून घेतलेली असते. गरम साठा आणि पाणी यांच्या मधल्या पातळ थरात तापमान उतरतं, आणि नवी एन्ट्रॉपी त्याच थरात तयार होते. तो थर हिशेबातून वगळला, तर ती सापडणार कुठून? एखाद्या हिशेबात न उलटणारी प्रक्रिया स्पष्ट दिसत असूनही तूट शून्य आली, तर आधी हद्द कुठे आखली आहे ते तपासावं. आणि Q/T ची बेरीज ΔS पेक्षा जास्त आली, तर तापमापीत किंवा आकडेमोडीत चूक आहे, हे नक्की समजावं.

औष्णिक वीज केंद्रातले अभियंते या तुटीशी रोज झगडत असतात. बॉयलरमध्ये जाणारं पाणी ते थंडच्या थंड आत सोडत नाहीत. टर्बाइनमधून वेगवेगळ्या दाबाच्या टप्प्यांवर थोडी थोडी वाफ काढून घेतात आणि तिच्यावर ते पाणी पायरीपायरीने तापवतात. पहिल्या पायरीला कमी दाबाची, कोमट म्हणावी अशी वाफ, पुढे अधिकाधिक गरम. काढलेल्या वाफेचं टर्बाइनमधलं पुढचं काम बुडतं, तरीही एकंदर कार्यक्षमता वाढते, कारण भट्टीच्या प्रचंड तापमानातून थंड पाण्यात होणारी उष्णतेची मोठी उडी टळते. पायऱ्या कितीही वाढवता येत नाहीत. प्रत्येक पायरीला नवं उपकरण, नळ्या, झडपा आणि पैसा लागतो, म्हणून मोठ्या केंद्रांत सहा-आठ पायऱ्यांवर थांबतात. शिवाय प्रत्येक पायरीवर थोडा तापमानफरक राखावाच लागतो. तो शून्य केला, तर तूटही शून्य होईल, पण तेवढीच उष्णता पोचवायला अनंत लांबीच्या नळ्या किंवा अनंत काळ लागेल.

असमानतेच्या काही मर्यादाही आहेत. ΔS ≥ Q/T हे रूप पदार्थाची ये-जा नसलेल्या बंदिस्त समूहासाठी आहे. वाहत्या वाफेसाठी तिच्यासोबत येणारी-जाणारी एन्ट्रॉपी वेगळी धरावी लागते. आरंभीची आणि अखेरची अवस्था स्थिरावलेली हवी, कारण मधल्या खळबळीत वायूला एकच एक तापमान नसतं. आणि फार थोडे रेणू गुंतलेले असतील, तर ती सरासरीनेच पाळली जाते. कॅनबेरा इथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये पाण्यातला एक सूक्ष्म मणी लेझरच्या चिमटीत धरून ओढला, तेव्हा क्षणभरासाठी तूट उलट्या चिन्हाची झालेलीही त्यांना आढळली. मणी पाण्यातून थोडी उष्णता घेऊन ओढणाऱ्यालाच कार्य देत होता. निरीक्षणाचा काळ काही सेकंदांपलीकडे वाढवला, तेव्हा असे प्रसंग मावळत गेले.